सोसायटीच्या दुरुस्तीचे २६ लाख ३३ लाखांवर का जातात?

इमारतीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक चुकणे हा गुन्हा नाही. ते कशाच्या आधारावर काढले हे न सांगणे आणि चुकले तर पैसे कुठून येणार हे न ठरवणे, हा मात्र आहे. एका सोसायटीचा हिशेब समोर ठेवून समजून घेऊया.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीला चारही बाजूंनी परांची बांधलेली, दोन बाजूंचे प्लास्टर पूर्ण उतरवलेले, आणि सोसायटीच्या खात्यातले पैसे संपत आलेले. व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला की प्रत्येक फ्लॅटमागे आणखी ३९ हजार रुपये भरावे लागतील. त्या रात्री ग्रुपवर जे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचे घर फक्त पेन्शनवर चालते, त्यांनी मात्र एकच वाक्य लिहिले होते : "हे आधी सांगितले असते तर मी एफडी मोडली नसती, थांबले असते."

वर्गणीवर एकमत होईपर्यंत तीन आठवडे काम बंद राहिले. तेवढ्यात पाऊस आला. उघड्या भिंतींतून तीन घरांत पाणी उतरले.

मी इंजिनीअरिंग केलेले असल्यामुळे साहजिकच सगळे कागद माझ्याकडे आले. "तू बघ रे, ठेकेदाराने कुठे फसवले ते," असे खजिनदार काका म्हणाले. मी दोन रात्री कागद चाळले. फसवणूक सापडली नाही. मोजमापे बरोबर होती, दर ठरल्याप्रमाणे होते. चूक काम सुरू होण्याच्या चार महिने आधी, अंदाजपत्रकाच्या पानावरच झाली होती.

काय मंजूर झाले होते?

तळमजला अधिक चार मजले, २० फ्लॅट, १९९४ चे बांधकाम. सल्लागार इंजिनीअरने पाहणी करून आठ कामांची यादी दिली होती. परांची २ लाख ४० हजार. बाहेरचे पोकळ प्लास्टर काढून नवे करणे, ५,००० चौरस फूट, ११० रुपये दराने साडेपाच लाख. गंजलेल्या सळया साफ करून पॉलिमर मॉर्टरने काँक्रीटची दुरुस्ती, ८०० चौरस फूट, ४०० रुपये दराने ३ लाख २० हजार. तळमजल्याच्या काही कॉलमना मायक्रो काँक्रीटचे जॅकेट २ लाख ६० हजार. गच्चीचे वॉटरप्रूफिंग साडेचार लाख. सांडपाण्याचे बाहेरचे पाइप २ लाख ७० हजार. दहा छज्जे तोडून नव्याने ओतणे दीड लाख. शेवटी रंगकाम ३ लाख ६० हजार.

एकूण २६ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३० लाख ६८ हजार. प्रत्येक फ्लॅटमागे १ लाख ५५ हजार वर्गणी ठरली, ३१ लाख जमा झाले आणि काम सुरू झाले. सल्लागाराची फी सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून दिली, त्यामुळे ती या हिशेबात नाही.

अंदाजपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती : "प्रत्यक्ष कामानुसार परिमाणांत बदल होऊ शकतो." सभेत ती कोणी वाचली नाही. वाचली असती तरी उपयोग नव्हता, कारण कोणत्या परिमाणात, किती आणि का बदल होईल, यातले काहीच त्या ओळीत नाही. उद्या वाद झाला तर हात झटकता यावेत, एवढेच त्या ओळीचे काम.

प्रत्यक्षात काय निघाले?

परांची चढल्यावर कामगारांनी हातोडीने भिंत ठोकत तपासायला सुरुवात केली. जिथे 'ठक' आवाज येतो तिथे प्लास्टर धरून आहे. जिथे 'डब' असा पोकळ आवाज येतो तिथे ते भिंतीपासून सुटले आहे. पोकळ प्लास्टर ५,००० ऐवजी ६,८०० चौरस फूट निघाले. वाढीव खर्च १ लाख ९८ हजार.

प्लास्टर उतरल्यावर आतले काँक्रीट दिसले. दुरुस्तीचे क्षेत्र ८०० वरून १,४५० चौरस फुटांवर गेले, म्हणजे आणखी २ लाख ६० हजार. छज्जे दहाऐवजी चौदा तोडावे लागले, ६० हजार. काही सळया इतक्या झिजल्या होत्या की नव्या घालाव्या लागल्या. हे काम यादीतच नव्हते, ५०० किलोला ६० हजार लागले. आणि गच्चीवर जुन्या कोब्याखाली आणखी एक कोबा निघाला. कधीतरी कोणीतरी जुना न काढता त्यावरच नवा घातला होता. तो फोडून खाली उतरवण्याचे १ लाख ५ हजार.

बेरीज ६ लाख ८३ हजार. २६ चे जवळपास ३३ लाख झाले. जीएसटी धरून एकूण ३८ लाख ७४ हजार. जमा होते ३१ लाख. उरलेल्या खड्ड्याचे नाव म्हणजे ती ३९ हजारांची वर्गणी.

सल्लागार अडाणी होता का?

नाही, आणि हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. सळई गंजते तेव्हा गंजाला मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा लागते. तो गंज भोवतीच्या काँक्रीटला आतून ढकलतो, आधी बारीक भेग पडते, मग काँक्रीट सुटते. पण बाहेरून प्लास्टर आणि रंग असल्याने बराच काळ काहीच दिसत नाही. सल्लागाराने जमिनीवरून, गच्चीवरून आणि ज्यांनी घर उघडले त्यांच्या खिडक्यांतून पाहणी केली होती. हातोडी पोहोचली ती बाहेरच्या भिंतींच्या जेमतेम चौथ्या भागापर्यंत. उरलेल्या तीन भागांची स्थिती त्याने या चौथ्या भागावरून ताडली.

हे ताडणे चूक नाही. परांचीशिवाय चौथ्या मजल्याच्या भिंतीवर हात ठेवता येत नाही आणि काम मंजूर झाल्याशिवाय कोणी परांची बांधत नाही. चूक ही, की त्याने ताडलेला ८०० हा आकडा कागदावर मोजलेल्या आकड्यासारखाच दिसत होता. रंगकामाचे १२,००० चौरस फूट टेपने मोजलेले होते. काँक्रीटचे ८०० चौरस फूट हा अंदाज होता. दोन्ही एकाच रकान्यात, एकाच टायपात, दिमाखात उभे. सभेत बसलेल्या माणसाला फरक कळणार कसा?

गृहीतक म्हणजे नेमके काय लिहायचे?

माझे मत असे की अंदाजपत्रकाला स्वतंत्र एका पानाची जोड असल्याशिवाय सोसायटीने ते सभेपुढे ठेवूच नये. त्या पानावर ज्या आकड्यांची खात्री नाही असे पाच-सहा आकडेच घ्यावेत आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : काय धरले, कशावरून धरले, आणि चुकले तर जास्तीत जास्त किती फरक पडेल.

आमच्या बाबतीत ते असे दिसले असते : "काँक्रीट दुरुस्ती ८०० चौरस फूट धरली आहे. आधार : बाहेरच्या भिंतींपैकी सुमारे चौथा भाग ठोकून तपासला, उरलेला भाग त्याच प्रमाणात खराब असेल असे मानले. पश्चिमेची बाजू तपासता आली नाही. चुकल्यास आणखी ८०० चौरस फुटांपर्यंत वाढ, म्हणजे ३ लाख २० हजार."

हे वाचून सभेतला कोणीही विचारू शकतो, "पश्चिमेची बाजू का नाही तपासली? पाऊस तर तिकडूनच झोडपतो." गृहीतक लिहिण्याचा खरा फायदा हाच. आकड्यावर वाद घालायला इंजिनीअर लागतो. आधारावर प्रश्न विचारायला तिथे राहणारा माणूस पुरतो. गच्चीबद्दल "एकच थर कोबा धरला आहे" असे लिहिले असते, तर चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितले असते की २००६ साली वरून एक थर घातला होता. त्यांना ते आठवत होते. कोणी विचारले नव्हते.

याच पानावर पैशांखेरीजची गृहीतकेही यावीत. काम ३१ मेपूर्वी संपेल असे धरले आहे का? खिडक्यांच्या ग्रिल आणि एसीचे बाहेरचे युनिट काढून परत बसवण्याचा खर्च कोणाचा, सोसायटीचा की ज्याचा त्याचा? घरातल्या छताची दुरुस्ती यात धरली आहे की नाही? हे तीन प्रश्न लिहून सोडवले नाहीत तर तिन्हींवर भांडण ठरलेले.

दहा टक्के कुठून आले?

आता आकस्मिक खर्चाच्या तरतुदीकडे येऊ. बहुतेक ठिकाणी ती असतच नाही, आणि असली तर सरळ पाच किंवा दहा टक्के लावलेली असते. नव्या बांधकामाच्या अंदाजपत्रकात ३ ते ५ टक्के सर्रास दिसतात. तिथे ते चालते, कारण नकाशा हातात असतो आणि भिंत अजून बांधायची असते. तीस वर्षांच्या इमारतीत अर्धे काम प्लास्टरच्या मागे लपलेले असते. तिथे टक्केवारी आधी ठरवून चालत नाही. ती गृहीतकांच्या पानावरून बाहेर पडायला हवी.

पद्धत साधी आहे. प्रत्येक गृहीतक चुकले तर होणारा जास्तीत जास्त वाढीव खर्च लिहा. मग ते चुकण्याची शक्यता किती हे सल्लागाराकडून तीनच श्रेणींत घ्या : कमी असेल तर त्या रकमेचा पाव हिस्सा, मध्यम असेल तर निम्मा, जास्त असेल तर पाऊण हिस्सा तरतुदीत धरा.

आमचा हिशेब करून पाहू. प्लास्टर जास्तीत जास्त २ लाख ७५ हजारांनी वाढेल, शक्यता मध्यम, धरा १ लाख ३७ हजार ५००. काँक्रीट ३ लाख २० हजारांनी, शक्यता जास्त, धरा २ लाख ४० हजार. आणखी सहा छज्जे ९० हजार, मध्यम, धरा ४५ हजार. नव्या सळया ८०० किलोपर्यंत, ९६ हजार, मध्यम, धरा ४८ हजार. गच्चीचा दुसरा थर १ लाख ५ हजार, शक्यता कमी, धरा २६ हजार २५०. बेरीज होते सुमारे ५ लाख, म्हणजे २६ लाखांच्या १९ टक्के.

इथे एक मेख आहे. पाव, निम्मा, पाऊण या हिशेबामागे असे मानलेले असते की काही अंदाज चुकतील, काही बरोबर येतील आणि सरासरी सांभाळली जाईल. पण प्लास्टर, काँक्रीट, छज्जे आणि सळया या चारही गोष्टी बिघडण्यामागे मोठे कारण एकच आहे : आत शिरलेले पाणी आणि गंज. गंज अंदाजापेक्षा जास्त निघाला तर चारही आकडे एकदमच वाढतात. एकाची बचत दुसऱ्याच्या कामी येत नाही. म्हणून एकाच कारणाला बांधलेली कामे एक गट म्हणून पाहावीत आणि त्यातल्या एकाचीही शक्यता 'जास्त' असेल तर सगळ्या गटाला पाऊण हिस्सा लावावा. तसे केले तर प्लास्टरचे २ लाख ६ हजार, छज्ज्यांचे साडेसदुसष्ट हजार, सळयांचे ७२ हजार होतात आणि एकूण तरतूद जाते ६ लाख १२ हजारांवर. म्हणजे सुमारे साडेतेवीस टक्के.

त्या हिशेबाने पहिलीच वर्गणी १ लाख ९० हजार आली असती. प्रत्यक्ष खर्चाला तरीही फ्लॅटमागे सुमारे ३,७०० रुपये कमी पडले असते. म्हणजे तरतूद ही हमी नव्हे. उत्तर माहीत झाल्यावर असा हिशेब मांडणे सोपे असते, हेही कबूल. पण ३,७०० रुपये दुरुस्ती निधीतून निघाले असते. ३९ हजारांसाठी काम थांबले.

तरतुदीपेक्षा स्वस्त काय?

खात्री करून घेणे. गच्चीवर दोन-तीन ठिकाणी फूटभर चौकोन फोडून पाहायला काही हजार रुपये लागतात, आणि दुसरा थर आहे की नाही हे त्याच दिवशी कळते. मग त्यासाठी राखीव ठेवायची गरजच उरत नाही. ते सरळ यादीतले एक काम होते. तसेच, टेंडरमध्येच अशी अट घालता येते की परांची आधी सगळ्यात खराब दिसणाऱ्या एका बाजूला बांधायची, ती बाजू पूर्ण ठोकून तपासायची आणि सुधारित आकडे सभेपुढे ठेवूनच पुढे जायचे. फेब्रुवारीत कळलेली वाईट बातमी मेमध्ये कळलेल्या त्याच बातमीपेक्षा खूप स्वस्त पडते.

"ठेकेदार तेवढे खाईलच की!"

ही खजिनदार काकांची हरकत, आणि ती खोटी नाही. "अरे, पाच लाख जास्त आहेत हे त्याला कळले की काम बरोब्बर पाच लाखांनी वाढणार," ते म्हणाले. म्हणूनच ही तरतूद ठेकेदाराच्या करारात जाता कामा नये. त्याचा करार २६ लाखांचाच. राखीव रक्कम सोसायटीच्या ठरावात आणि सोसायटीच्या खात्यात, शक्य असल्यास मुदत ठेवीत वेगळी.

ती कशी सुटेल याचा नियमही त्याच ठरावात हवा. आधी सल्लागार आणि समितीचा एक सदस्य यांनी जागेवर एकत्र मोजमाप करायचे, उघडलेल्या भागाचा फोटो काढायचा, कोणते गृहीतक चुकले ते लिहायचे, समितीने लेखी मंजुरी द्यायची, आणि मगच ते काम झाकायचे. प्लास्टर चढल्यावर आत काय होते हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. शिवाय वाढीव कामाचा दर टेंडरमधलाच राहील हे करारात आधीच लिहून घ्यावे, नाहीतर अर्धवट उघडलेल्या भिंतीसमोर उभे राहून घासाघीस करावी लागते आणि त्यात सोसायटीची बाजू नेहमीच लंगडी असते.

आणखी एक पथ्य. ही रक्कम न दिसणाऱ्या गोष्टींसाठी आहे, नव्याने सुचलेल्या गोष्टींसाठी नाही. "पैसे उरतायत तर गेटला ग्रॅनाइट लावू" असे कोणीतरी म्हणतेच. ग्रॅनाइट हवे असेल तर त्याचा वेगळा ठराव, वेगळी वर्गणी. काम संपल्यावर राखीव रक्कम उरली तर ती सभासदांना परत द्यायची की दुरुस्ती निधीत टाकायची, हेही आधीच ठरावे.

याहून वाईट प्रकार म्हणजे तरतूद उघड न दाखवता दरांत किंवा मोजमापांत लपवणे. ८०० च्या जागी गुपचूप १,२०० लिहिले की सभेत वाद होत नाही, हे खरे. पण मग खरा अंदाज कोणता आणि उशी कोणती हे कोणालाच कळत नाही, आणि प्रत्यक्षात ८०० च निघाले तर उरलेल्या ४०० चे बिल कसे होते यावर नजर ठेवायला कोणी उरत नाही.

मोठा आकडा सांगायची हिंमत

समितीला हे सगळे माहीत नसते असे नाही. मोठा आकडा सांगितला तर सभा ठराव फेटाळेल ही भीती असते. ती समजण्यासारखी आहे. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का गोळा होतो, पण तो खर्च इमारत बांधली तेव्हाचा. १९९४ च्या खर्चाचा पाऊण टक्का आजच्या परांचीलाही पुरत नाही. त्यामुळे प्रत्येक मोठी दुरुस्ती शेवटी वर्गणीवरच येते, आणि समितीला वाटते की आधी काम तर सुरू होऊ दे.

पण लहान आकडा मंजूर करून घेतल्याने खर्च लहान होत नाही. तो फक्त अशा वेळी समोर येतो, जेव्हा भिंती उघड्या असतात आणि सभासदांना 'नाही' म्हणायची सोय उरलेली नसते. १ लाख ९० हजार ऐकून आमच्या सभेने कदाचित रंगकाम पुढच्या वर्षावर ढकलले असते. तो त्यांचा हक्क होता. निर्णय घेण्यासाठी पूर्ण आकडा लागतो, आणि तो त्यांना दिलाच नाही.

आमचे काम शेवटी ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाले. शेजारच्या विंगची दुरुस्ती यंदा निघते आहे. त्यांच्या सेक्रेटरींनी अंदाजपत्रक माझ्याकडे 'जरा नजर टाक' म्हणून पाठवले. पहिल्या पानावर एकूण रक्कम होती. मी शेवटचे पान उघडले. तिथे तीच ओळ होती : "प्रत्यक्ष कामानुसार परिमाणांत बदल होऊ शकतो." मी त्यांना एवढेच लिहून पाठवले की काका, ही एक ओळ काढायला सांगा आणि तिच्या जागी एक पान मागा.